इन्स्टाग्रामवर हातच्या दागिन्यांचं दुकान: टॅग कुठे न्यायचा आणि पेमेंट लिंक कुठे वापरायची

हाताने दागिने करून विकणाऱ्या नव्या मंडळींचा एक घोटाळा नेहमीचा असतो. त्यांना वाटतं, इन्स्टाग्रामवर फोटोला टॅग लावला की गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवेल, तिथल्या तिथे पैसे भरेल आणि आपल्याला ऑर्डर येईल. आपल्याकडे भारतात तसं होत नाही. टॅगवर बोट ठेवल्यावर वस्तूचं नाव, किंमत आणि फोटो दिसतो आणि तिथून गिऱ्हाईक तुमच्या वेबसाइटवर जातं. पैसे भरले जातात ते वेबसाइटवर.

पेमेंट लिंकचा मार्ग यापेक्षा अगदी वेगळा. कुणी डीएममध्ये विचारलं, भाव ठरला, रंग ठरला, की त्या एका गिऱ्हाइकासाठी तुम्ही लिंक बनवून पाठवता. हे दोन मार्ग एकमेकांत मिसळले की कॅटलॉग, म्हणजे टॅगसाठी इन्स्टाग्रामला दिलेली तुमच्या वस्तूंची यादी, नामंजूर होतो, किंवा एकच नथ दोघींना विकली जाते. म्हणून खाली दोन्ही वेगवेगळे घेतले आहेत. उदाहरणाला एकच वस्तू धरू: ४५० रुपयांची मोत्यांची नथ. तिचे दोन प्रकार आहेत, नाक टोचलेलं असणाऱ्यांसाठी तारेची आणि न टोचलेल्यांसाठी प्रेसची.

आधी स्वतःचं डोमेन

टॅग लावायचे असतील तर स्वतःच्या मालकीचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, हवं. ते तुमचंच आहे हे इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिला दाखवून द्यावं लागतं. फुकट दुकान देणाऱ्या सेवांमध्ये पत्ता त्यांच्या डोमेनच्या पोटात असतो. तो तुमचा नसल्यामुळे इथे गाडं अडतं. तीच गोष्ट लिंक-इन-बायोच्या पानाची आणि पेमेंट लिंकची. कॅटलॉगमध्ये वस्तूच्या पत्त्याच्या जागी `rzp.io` ची लिंक टाकून बसलेले लोक मी पाहिले आहेत. ते डोमेन पेमेंट कंपनीचं, तुमचं नव्हे.

दुकान शॉपिफायवर असो की वर्डप्रेसच्या वूकॉमर्सवर, इन्स्टाग्रामच्या दृष्टीने फरक पडत नाही. शॉपिफायला दरमहा पैसे मोजावे लागतात, पण डोकेदुखी कमी. वूकॉमर्स फुकट आहे, पण होस्टिंग तुमचं, आणि अपडेट, बॅकअप, बिघाड सगळं तुमच्याच गळ्यात. घरात कुणी संगणकाचं जाणकार नसेल तर मी पहिला पर्याय घ्या म्हणेन.

आणि एवढ्यात वेबसाइटच नको असेल तर टॅगचा नाद सोडा. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग वापरा. त्यात ५०० पर्यंत वस्तू ठेवता येतात, प्रत्येक वस्तूची वेगळी लिंक मिळते, आणि वेबसाइटचा पत्ता देणं सक्तीचं नाही. गिऱ्हाईक वस्तू टोपलीत टाकून ती यादी तुम्हाला मेसेज म्हणून पाठवतं, पुढचं बोलणं चॅटवर. दर आठवड्याला आठ-दहा नग विकणाऱ्याला तेवढं पुरतं.

खाती एका छपराखाली

इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल करा. बिझनेस किंवा क्रिएटर, दोन्ही चालतात. (बिझनेस खात्यात चालू चलतीची बरीच गाणी रीलसाठी मिळत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं.) मग फेसबुक पेज काढून ते इन्स्टाग्रामला जोडा. त्या पेजवर रोज काही टाकायची गरज नाही, पण ते असावं लागतं.

खरी काळजी इथे घ्यायची आहे: फेसबुक पेज, इन्स्टाग्राम खातं आणि कॅटलॉग या तिन्हींची मालकी मेटाच्या एकाच बिझनेस पोर्टफोलिओकडे, म्हणजे व्यवसायाची खाती एकत्र सांभाळायच्या जागेकडे, असली पाहिजे, आणि तो पोर्टफोलिओ तुमच्या लॉगिनचा. बऱ्याचदा भाचा किंवा जाहिरातवाला मुलगा हे सगळं स्वतःच्या लॉगिनने उभं करून देतो. वर्षभराने तो नोकरीला लागतो आणि कॅटलॉगमधली किंमत बदलायलाही त्याला फोन करावा लागतो. मदत जरूर घ्या, पण त्याला तुमच्या पोर्टफोलिओत माणूस म्हणून जोडा. मालक तुम्हीच राहा.

वस्तूचं पान

टॅगवरून आलेलं गिऱ्हाईक सरळ या पानावर उतरतं, म्हणून कॅटलॉगच्या आधी हे पान नीट करायचं.

फोटो चौरस काढा. मेटाला किमान ५०० बाय ५०० पिक्सेल लागतात, पण १०२४ बाय १०२४ असेल तर मोत्यांची जडण नीट दिसते. पहिल्या फोटोत नुसती नथ, साध्या पार्श्वभूमीवर. फोटोवर किंमत, फोन नंबर, ‘ऑफर’ असलं काही लिहू नका. कॅटलॉगच्या फोटोवर जाहिरातीचा मजकूर मेटाला चालत नाही. दुसरा फोटो नाकात घातलेल्या नथेचा, कारण आकाराचा अंदाज त्यावरूनच येतो. तिसरा पट्टीशेजारी ठेवून काढलेला. ‘एवढी मोठी वाटली नव्हती’ ही तक्रार नथ आणि झुमक्यांत सर्वांत जास्त येते आणि पट्टीचा एक फोटो ती बरीचशी मिटवतो.

वर्णनात उंची, वजन, मोती खरे की काचेचे, तार कशाची, मुलामा कशाचा, हे साध्या शब्दांत लिहा. पितळी तारेवर सोन्याचं पाणी असेल तर तसंच लिहा, नावात ‘सोन्याची नथ’ नको. ‘वन ग्रॅम गोल्ड’ हा बाजारातला शब्द आपल्याला कळतो, पण परगावच्या गिऱ्हाइकाला तो एक ग्रॅम सोनं वाटू शकतो. जर्मन सिल्व्हरचं आणखी वेगळं. त्यात चांदी मुळीच नसते, ते तांबं, जस्त आणि निकेलचं मिश्रण असतं. निकेलने काहींच्या कानाला खाज सुटते, पुरळ येतो. पानावर ते आधी सांगितलेलं असलं की नंतर वाद घालावा लागत नाही.

नथेचे दोन प्रकार एकाच पानावर निवडीचा पर्याय म्हणून ठेवा, पण दोन्हींचा साठा वेगळा धरा. तारेच्या तीन आणि प्रेसच्या दोन असतील तर ‘पाच नथा’ असा एकच आकडा टाकू नका. चौथीला तारेची हवी असेल तेव्हा तुमच्याकडे फक्त प्रेसची उरलेली असेल.

साइटवर परतावा, पाठवणी, गोपनीयता, अटी आणि संपर्क अशी पानं हवीत. पेमेंट कंपनी खातं मंजूर करताना ती बघते. परताव्याच्या पानावर नाका-कानात घालायच्या वस्तू वापरल्यावर परत घेत नाही, पण वाटेत मोडली तर पाकीट उघडतानाच्या व्हिडिओवर बदलून देतो, असं थेट लिहा.

कॅटलॉगची एक ओळ

आता मेटाच्या Commerce Manager मध्ये जाऊन कॅटलॉग तयार करा. वस्तू भरायचे मार्ग अनेक आहेत: हाताने एकेक, शॉपिफाय किंवा वूकॉमर्सच्या जोडणीतून आपोआप, किंवा गूगल शीटसारख्या तक्त्यातून. दहा-बारा वस्तू असतील तर हाताने भरा. साइटच्या जोडणीने भरत असाल तर तीच वस्तू पुन्हा हाताने भरू नका. एकाच नथेच्या दोन नोंदी होतात, टॅग एकीला लागतो आणि किंमत दुसरीची बदलत राहते.

कुठलाही मार्ग घेतला तरी आतली माहिती हीच असते. आपल्या प्रेसच्या नथेची नोंद अशी:

```
id             NATH01-PRESS
item_group_id  NATH01
title          मोत्यांची नथ, प्रेसची
description    काचेचे मोती, पितळी तार, उंची ३.५ सेंमी
availability   in stock
condition      new
price          450.00 INR
link           https://example.com/nath01
image_link     https://example.com/img/nath01.jpg
brand          तुमच्या दुकानाचं नाव
```

तारेच्या नथेचा `id` वेगळा, `NATH01-TAR`, पण `item_group_id` तोच. त्यामुळे दोन्ही प्रकार एकाच वस्तूचे म्हणून दिसतात.

नवख्यांचं अडतं ते तीन ठिकाणी. किंमत `₹450/-` अशी लिहिली तर तक्त्यातून ती वाचली जात नाही, वर दाखवली तशीच लागते. `availability` मध्ये ‘आहे’ किंवा ‘उपलब्ध’ चालत नाही, `in stock` किंवा `out of stock` हेच शब्द हवेत. आणि `image_link` मध्ये गूगल ड्राइव्हची शेअर लिंक टाकली तर फोटो येत नाही, कारण ती लिंक फोटोची नसून फोटो दाखवणाऱ्या पानाची असते. ब्राउझरमध्ये उघडल्यावर नुसता फोटोच दिसतो, असा पत्ता हवा.

डोमेनची खातरजमा आणि तपासणी

बिझनेसच्या सेटिंगमध्ये डोमेन जोडलं की मेटा एक ओळ देते. ती साइटच्या मुखपृष्ठाच्या `<head>` भागात टाकायची:

```
<meta name="facebook-domain-verification" content="तुम्हाला मिळालेला कोड" />
```

हे जमत नसेल तर डोमेन जिथून घेतलं तिथल्या सेटिंगमध्ये मेटाने दिलेला मजकूर टीएक्सटी नोंद म्हणून टाकूनही काम होतं. मग दुकान तपासणीला पाठवायचं. त्याला काही दिवस लागू शकतात. तपासणी चालू असताना साइट ‘लवकरच येत आहोत’ अवस्थेत किंवा पासवर्डमागे ठेवू नका. शॉपिफायवर नवीन दुकानाला पासवर्ड लावलेलाच असतो, तो काढायचा राहून जातो आणि तपासणाऱ्याला कोरं पान दिसतं.

नामंजुरी आली तर आधी साइटवरची आणि कॅटलॉगमधली किंमत जुळते का ते पाहा. साइटवर दिवाळीची सूट दिली आणि कॅटलॉग तसाच राहिला, असं होतंच. दुसरं म्हणजे साहित्य. हाड, शिंग, हस्तिदंत अशा प्राण्यांच्या अवयवांच्या वस्तू मेटाच्या नियमात बसत नाहीत, त्यामुळे शिंगाच्या बांगड्या सुंदर असल्या तरी तिथे ठेवू नका. तिसरं, परदेशी ब्रँडच्या चिन्हाची नक्कल. काही वेळा एखादी वस्तू यंत्राच्या चुकीनेही अडते. तिथे त्या वस्तूपुरती फेरतपासणी मागता येते, सबंध कॅटलॉग पुसून नव्याने करायची गरज नसते.

टॅग लावणं

एवढं झाल्यावर हे काम मिनिटाभराचं आहे. पोस्ट टाकताना Tag products निवडा, फोटोत नथेवर बोट ठेवा, कॅटलॉगमधून तिचं नाव निवडा. जुन्या पोस्टलाही संपादन करून टॅग लावता येतो, तेव्हा गेल्या वर्षी ज्या फोटोवर सर्वाधिक ‘किंमत?’ अशा कमेंट आल्या होत्या तिथून सुरुवात करा. टॅगच्या यादीत नवी वस्तू दिसत नसेल तर ती बहुधा अजून तपासणीत असते.

एका फोटोत तुमचा नऊवारी नेसलेला पूर्ण साज असेल, ठुशी, चिंचपेटी, बुगडी, नथ, तर सगळ्यांना टॅग लावायचा मोह होतो. फोनच्या पडद्यावर ते ठिपके एकमेकांवर चढतात. विकायच्या दोन-तीन वस्तूंनाच लावा.

नग संपला की तो कॅटलॉगमधून काढून टाकू नका, साठा शून्य करा. वस्तू पुसली की तिला लावलेले टॅगही जातात, आणि पुढच्या महिन्यात तीच नथ पुन्हा केलीत तर सगळं नव्याने करावं लागतं.

साइटवरचं पैसे भरणं तपासा

पेमेंटसाठी रेझरपे धरून चालू. इतर कंपन्यांचंही थोड्याफार फरकाने असंच असतं. खातं उघडायला पॅन, ओळखीचा पुरावा आणि बँक खातं लागतं. मग साइटला जोडण्यासाठी दोन प्रकारच्या किल्ल्या, म्हणजे जोडणीचे कोड, मिळतात. चाचणीची `rzp_test_` ने सुरू होते, खरी `rzp_live_` ने. चाचणीत `success@razorpay` हा यूपीआय आयडी टाकला की पैसे भरल्याचं दिसतं, खरे पैसे कुठूनही जात नाहीत. चाचणी झाल्यावर किल्ली बदलायची राहिली तर दुकान वरवर उत्तम चालतं: ऑर्डर येतात, ‘पैसे मिळाले’ असं दिसतं, आणि बँकेत छदामही नसतो. पहिली ऑर्डर कुरिअरला देण्याआधी किल्लीची सुरुवातीची अक्षरं वाचा.

दुसरी सेटिंग ‘कॅप्चर’ची. गिऱ्हाइकाचे पैसे निघाले तरी तुमच्या बाजूने ते कॅप्चर झाले नाहीत तर काही दिवसांनी आपोआप परत जातात. ती सेटिंग आपोआपवर ठेवा. वूकॉमर्सच्या प्लगइनमध्ये Authorize and Capture असा पर्याय असतो. शिवाय वेबहूक चालू करा, म्हणजे पैसे आल्याची खबर पेमेंट कंपनी तुमच्या साइटला आपोआप देते. बरीच गिऱ्हाइकं यूपीआय ॲपमध्ये पैसे भरतात आणि साइटवर परत न येता तिथूनच निघून जातात. वेबहूक नसेल तर पैसे आलेले असूनही ऑर्डर ‘प्रलंबित’ दिसते आणि तुम्ही पाकीट बांधत नाही.

शेवटी स्वतः गिऱ्हाईक व्हा. संगणकावरून नको, फोनवर इन्स्टाग्राम उघडा, स्वतःच्या पोस्टच्या टॅगवरून साइटवर जा आणि सर्वांत स्वस्त वस्तू खऱ्या पैशाने घ्या. इन्स्टाग्राम साइट स्वतःच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं आणि तिथून कधी कधी यूपीआय ॲप उघडत नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर करून पाहा. अडत असेल तर चेकआउटच्या पानावर एक ओळ लिहा: ‘पैसे भरताना ॲप उघडलं नाही तर वरच्या तीन टिंबांवरून हे पान क्रोममध्ये उघडा.’

डीएममधली ऑर्डर आणि पेमेंट लिंक

समजा एका ताईंना प्रेसची नथ हवी आहे आणि सोबत तुमच्याकडची ७०० रुपयांची ठुशी, पण हिरव्या खड्याऐवजी लाल खडा लावून. हे साइटवर नाही, म्हणून इथे पेमेंट लिंक.

सगळ्यात आधी साइटवरून एक प्रेसची नथ कमी करा, मग लिंक बनवा. क्रम उलटा झाला तर मधल्या अर्ध्या तासात टॅगवरून आलेली दुसरी बाई तीच नथ घेऊन मोकळी होते.

रक्कम: नथ ४५०, ठुशी ७००, कुरिअर ६०, एकूण १२१०. रेझरपेच्या डॅशबोर्डवर नवीन लिंक काढून रक्कम टाका, वर्णनात ‘प्रेसची नथ १, ठुशी लाल खडा १, कुरिअरसह’ लिहा आणि संदर्भ क्रमांकात तुमचा ऑर्डर नंबर. मुदत २४ तासांची द्या आणि ताईंना तसं कळवा. मुदत दिली नाही तर लिंक कितीतरी दिवस चालू राहते आणि तुम्ही नथ दुसरीला विकून मोकळ्या झाल्यावर एका रात्री पैसे येतात.

यातलं शुल्कही समजून घ्या. सर्वसाधारण दर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. १२१० वर शुल्क २४.२० रुपये, त्यावर जीएसटी ४.३६, म्हणजे २८.५६ कापून तुमच्या हाती ११८१.४४ येतात, तेही साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी. परतावा दिलात तर गिऱ्हाइकाला पूर्ण १२१० द्यावे लागतात, शुल्क मात्र परत मिळत नाही. किंमत ठरवतानाच हे धरा.

ही लिंक एका वेळेच्या वसुलीसाठी असते. एकीने पैसे भरले की ती संपली. म्हणून ती बायोमध्ये लावू नका. अनेकांनी तीच रक्कम भरायची असेल, कार्यशाळेची फी वगैरे, तर त्याच डॅशबोर्डवर पेमेंट पेज हा वेगळा प्रकार आहे.

थेट यूपीआय घेत असाल तर

शुल्क वाचवायला अनेकजणी क्यूआर पाठवतात. हरकत नाही, बँक खात्यातून थेट येणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही. क्यूआरमध्ये रक्कमही भरून देता येते, आतला मजकूर असा असतो:

```
upi://pay?pa=tumchaid@bank&pn=Dukan&am=1210.00&cu=INR&tn=Order27
```

हा मजकूर डीएममध्ये लिंक म्हणून पाठवला तर बहुतेकदा त्यावर बोट ठेवून काही उघडत नाही, त्याचा क्यूआर करूनच पाठवा.

मात्र इथे पैसे आले की नाही हे कुठलीही साइट तुम्हाला सांगत नाही, ते तुम्हीच बघायचं. गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका. हुबेहूब खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी ॲप आहेत. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम पाहा आणि त्या व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक गिऱ्हाइकाने दिलेल्याशी जुळवा. ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ असा मेसेज आला तर आधी खात्यात तेवढे जमा झालेत का ते बघा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे यायला पिन टाका’ म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नाही.

परराज्यात पाठवण्याआधी

टॅग लागले की बेंगळुरू, इंदूर, अहमदाबादहून ऑर्डर येऊ लागतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण परराज्यात कर लागू असलेला माल विकायचा तर सर्वसाधारण नियमाने उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यातून सवलत आहे, उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर, आणि हाताने केलेले इमिटेशन दागिने त्या यादीत येतात. पण वस्तू मुख्यतः हाताने केलेली हवी. बाजारातून तयार साखळी आणून त्याला नुसतं पेंडंट अडकवलेलं असेल तर ती त्या व्याख्येत बसेल का, हा प्रश्न उरतोच. सीएकडे जाताना दोन-तीन नग आणि कच्च्या मालाची बिलं सोबत न्या आणि त्यांच्यासमोर ठेवून नेमकं हेच विचारा.